जळगावातला फ्लॅट रिकामा न राहता भाड्याने कसा जाईल: बोर्ड, ओळखीपाळखी, पोर्टल आणि दलाल यांचं महिनाभराचं नियोजन

फ्लॅटचं भाडं ठरवताना मालक पाचशे-हजारासाठी अडून बसतात आणि त्या नादात फ्लॅट महिनाभर कुलूपबंद राहिला तर त्याचा हिशोब मांडत नाहीत. आधी तो मांडू. 11,000 रुपये भाडं मागून फ्लॅट एक महिना रिकामा राहिला, तर वर्षातले 11 महिने भाडं मिळतं, म्हणजे 1,21,000 रुपये. तोच फ्लॅट 10,500 ला ताबडतोब गेला तर 12 महिन्यांचे 1,26,000 होतात. पाचशे रुपये सोडून पाच हजार जास्त मिळाले. शिवाय रिकाम्या महिन्याचा मेंटेनन्स आणि लाइट बिलाचा स्थिर आकार खिशातून गेला तो वेगळाच. 11,000 चा फ्लॅट रिकामा असला की दिवसाला साधारण 365 रुपये जातात. पुढचे सगळे निर्णय, मग ते दलालाला किती द्यायचं असो की कूलरचं स्टँड बसवायचं की नाही असो, याच आकड्याशी ताडून घ्यायचे.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवतो. जळगावात महाबळ भागात टू बीएचके फ्लॅट आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, डोक्यावर थेट गच्ची. मालक पुण्यात नोकरीला, धाकटा भाऊ जळगावातच राहतो. भाडेकरू बँकेतला, त्याची बदली झाली. 5 मे ला त्याने फोन करून सांगितलं, “भाऊ, 31 तारखेला घर सोडतो.” आतापर्यंत भाडं 10,000 होतं. मालकाच्या मनात यंदा 11,000 आहेत.

इथे एक गोष्ट मालकाच्या बाजूने आहे. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात, शाळा-कॉलेज जूनमध्ये सुरू होतात, म्हणून मे चा मध्य ते जूनचा शेवट हा जळगाव-धुळ्यात घर शोधणाऱ्यांचा भरगच्च हंगाम. हा गेला की पोळ्यापर्यंत मागणी तुरळक असते आणि पितृपंधरवड्यात तर घर पसंत पडूनही लोक टोकन द्यायला तयार होत नाहीत. तेव्हा भाडेकरू 31 मे ला किल्ली देणार असला तरी मालकाचं काम 5 मे लाच सुरू होतं. बहुतेक जण घर रिकामं झालं की रंग देऊ, मग बोर्ड लावू असं म्हणतात आणि निम्मा हंगाम तिथेच घालवतात.

पहिले दोन-तीन दिवस: भाड्याचा खरा आकडा

शेजाऱ्याला किती भाडं मिळतं हे शेजारी चढवूनच सांगतो. दलाल मात्र उतरवून सांगतो, कारण कमी भाड्याचा फ्लॅट त्याचा लवकर जातो. म्हणून स्वतः भाडेकरू होऊन विचारा. आपल्या भागात गाडीवरून एक चक्कर मारा, भाड्याच्या बोर्डांवरचे पाच-सहा नंबर टिपा, फोन करा. भाडं विचारा आणि त्याचबरोबर फ्लॅट कधीपासून रिकामा आहे हेही विचारा. हा दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे. “तीन महिने झाले” असं उत्तर आलं तर तो आकडा बाजाराने नाकारलेला आहे, तो धरून चालायचं नाही. दोन आठवड्यांनी तोच बोर्ड उतरलेला दिसला तर तो आकडा खरा.

आपल्या उदाहरणात दुसऱ्या मजल्यावरचे, लिफ्ट असलेले फ्लॅट 11,000 ला जात होते. लिफ्ट नसलेला, गच्चीखालचा फ्लॅट त्याच भावात जाणार नाही हे कोणीही सांगेल. तरी मालकाने 11,000 लिहायचंच ठरवलं. हरकत नाही, पण त्याची मुदत आधीच ठरवायची: दहा दिवसांत कोणी पक्कं केलं नाही तर 10,500. ही तारीख वहीत लिहून ठेवावी, नाहीतर ‘अजून आठ दिवस बघू’ करता करता जून उलटतो.

किल्ली, वेळ आणि आधीचा भाडेकरू

मालक बाहेरगावी असेल तर सगळ्यात जास्त गिऱ्हाईक किल्लीपायी जातात. फोन आला, पार्टी आत्ता यायला तयार आहे, आणि किल्ली पिंप्राळ्याला काकांकडे. तोवर ती पार्टी शेजारच्या बिल्डिंगमधला फ्लॅट बघून टोकन देऊन मोकळी. किल्ली पंधरा मिनिटांत हाती येईल अशा माणसाकडेच असली पाहिजे.

जुना भाडेकरू अजून राहत असेल तर त्याच्याशी सरळ बोला. रोज कोणी ना कोणी दार वाजवणार असेल तर त्याच्या घरचे वैतागणारच. दोनच वेळा ठरवून घ्या: सकाळी नऊ ते साडेदहा आणि संध्याकाळी सहानंतर. याला दुसरंही कारण आहे. मे महिन्यात जळगावचा पारा 44-45 अंशांवर असतो. दुपारी दोनला गच्चीखालचा फ्लॅट दाखवला तर बघणारा हॉलमधूनच परत फिरतो. मात्र कोणी “दुपारीच येतो” म्हणालं तर नाही म्हणू नका आणि वर गच्ची असल्याचं लपवू नका. राहायला आल्यावर त्याला ते कळणारच, आणि जूनमध्ये आलेला माणूस पुढच्या एप्रिलमध्ये घर सोडून जाणार. भाडेकरूने घर आवरून ठेवावं, लोकांना दोन शब्द चांगले सांगावेत, यासाठी शेवटच्या महिन्याच्या भाड्यात पाचशेची सूट दिली तरी परवडते. बघायला आलेली बाई हळूच त्या घरातल्या बाईलाच विचारते, “पाणी बरं येतं का?” आणि त्या उत्तरावर अर्धा निर्णय होतो.

खानदेशातले तीन ठरलेले प्रश्न आहेत: पाणी, कूलर आणि गाडी. नळाला किती दिवसाआड पाणी येतं, टाकी केवढी आहे, बोअरचं पाणी गोडं की खारं, हे स्वच्छ सांगता आलं पाहिजे. कूलर कोणत्या खिडकीत बसतो, तिथे स्टँड आहे का, जवळ लाइटचा पॉइंट आहे का, हे पुण्या-मुंबईच्या जाहिरातींत कुठेच दिसत नाही, पण जळगावात त्यावरून घर नाकारलं जातं. आणि चारचाकी आत लागते की रस्त्यावर, हे.

फोटो भाडेकरूची परवानगी घेऊन सकाळच्या उजेडात काढा. पडदे सारून, मोबाइल आडवा धरून, खोलीच्या कोपऱ्यातून. हॉल, दोन्ही बेडरूम, ओटा, संडास-बाथरूम, पार्किंग आणि बिल्डिंगचं तोंड, असे आठ-दहा फोटो पुरतात. संडासाचा फोटो टाकायला लोक लाजतात, पण स्वच्छ संडासाचा फोटो असला की फोन वाढतात. फोटोत भाडेकरूच्या घरचे, देव्हारा, भिंतीवरचे कौटुंबिक फोटो येऊ देऊ नका. दारापासून सुरू करून मिनिटभराचा एक सलग व्हिडिओही करून ठेवा. बाहेरगावाहून बदलून येणारा माणूस तोच बघून ठरवतो की या फ्लॅटसाठी जळगावला यायचं की नाही.

एकच मजकूर, सगळीकडे

व्हॉट्सॲपवर 11,000, पोर्टलवर 10,500 आणि दलालाच्या तोंडी 10,000 असं झालं की बघणारा 9,500 वर येतो. म्हणून मजकूर एकदाच लिहायचा आणि व्हॉट्सॲप, पोर्टल, दलाल सगळ्यांना तोच द्यायचा. आपल्या उदाहरणातला मजकूर असा होता:

“महाबळ, जळगाव. टू बीएचके फ्लॅट भाड्याने देणे आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वर गच्ची. 650 चौरस फूट कार्पेट. नळ व बोअर दोन्ही, 1000 लिटरची स्वतंत्र टाकी. दोन्ही बेडरूममध्ये कूलरची सोय. एक चारचाकी आत लागते. भाडे 11,000, मेंटेनन्स 600 वेगळा, डिपॉझिट 20,000. 1 जूनपासून ताबा. फॅमिली किंवा नोकरदार. बघण्याची वेळ सकाळी 9 ते 10.30, संध्याकाळी 6 नंतर. व्हिडिओ मागितल्यास पाठवतो.”

यात लिफ्ट नाही हे तिसऱ्याच वाक्यात सांगितलं आहे. ज्याच्या आईचे गुडघे दुखतात तो फोनच करणार नाही, दोघांचाही वेळ वाचतो. ‘प्रशस्त’, ‘हवेशीर’, ‘प्राइम लोकेशन’ हे शब्द मात्र कोणी वाचत नाही.

आता ‘फॅमिली किंवा नोकरदार’ या शब्दांबद्दल. मालक फक्त फॅमिली, शाकाहारी, सरकारी नोकरी अशा अटी एकावर एक चढवत जातात. प्रत्येक अट म्हणजे गळलेले फोन. पुण्यात त्या गळतीनंतरही पुष्कळ लोक उरतात, जळगावात आधीच आठवड्याला दहा-पंधरा फोन, त्यातले किती उरणार? जी अट तुमच्यासाठी खरोखर महत्त्वाची आहे तेवढी एक ठेवा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले निवासी डॉक्टर, एमआयडीसीतल्या कंपन्यांचे इंजिनिअर, विद्यापीठातले लोक यांच्यातले कितीतरी जण एकटे राहतात आणि भाडं वेळेवर देतात.

बोर्ड

महाबळसारख्या वस्तीत अजूनही सगळ्यात कामाचे फोन बोर्डावरून येतात, कारण बोर्ड वाचणाऱ्याने एरिया आधीच पसंत केलेला असतो. त्याला फक्त घर हवं असतं.

तीन फूट बाय दोन फूट फ्लेक्स पुरेसा. पिवळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर लाल, दोनच रंग. शब्द कमीत कमी: ‘टू बीएचके भाड्याने देणे आहे’, खाली मोबाइल नंबर. मोबाइल नंबरचे आकडे चार इंच उंच हवेत. माणूस गाडीवरून जाताना वाचणार आहे, म्हणून लावल्यावर स्वतः रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गाडीवर बसून नंबर वाचता येतो का ते बघा. भाडं बोर्डावर लिहू नये असं माझं मत आहे. फोन आला की आधी दोन शब्द बोलता येतात आणि मग आकडा सांगता येतो. पोर्टलवर मात्र भाडं लिहिल्याशिवाय भागत नाही.

एक बोर्ड बाल्कनीच्या ग्रीलला, दुसरा खाली गेटला. गेटला लावण्याआधी सोसायटीच्या अध्यक्षांना विचारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बोर्ड वॉचमनच्या खोलीत सापडतो. चौकातल्या विजेच्या खांबावर किंवा झाडाला खिळे ठोकून बोर्ड लावू नका. सार्वजनिक जागी विनापरवाना फलक लावण्यावर महापालिका कारवाई करते, आणि फलकावर तुमचाच नंबर असल्याने शोधायलाही जावं लागत नाही.

ओळखीपाळखी

‘सगळ्यांना सांगून ठेवलंय’ म्हणजे कोणालाच सांगितलेलं नसतं. ज्यांच्याकडे नवीन माणूस गावात आल्याबरोबर जातो, त्यांनाच गाठायचं. महाबळच्या त्या फ्लॅटसाठी धाकट्या भावाने एका संध्याकाळी एवढ्यांना भेटून घेतलं: खालचा किराणा दुकानदार, दूध डेअरीवाला, इस्त्रीवाला, दोन मेडिकल स्टोअर, टिफिन देणाऱ्या मावशी आणि स्कूल व्हॅन चालवणारे आप्पा. शिवाय तीन कार्यालयं: जवळच्या बँक शाखेतला जुना शिपाई, एका शाळेचा क्लार्क, आणि वैद्यकीय महाविद्यालयातला हॉस्टेलचं काम बघणारा माणूस. हॉस्टेलला जागा न मिळालेल्यांची यादी कोणाकडे असते याचा विचार केला की हे नाव आपोआप सुचतं.

प्रत्येकाला तोंडी सांगून झाल्यावर मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला आणि बक्षीसही सांगितलं: “तुमच्या ओळखीने आला आणि करारनामा झाला, तर हजार रुपये.” आपल्याकडे हे बोलायला संकोच वाटतो, दुकानदारही ‘अहो कशाला’ म्हणतो. पण आधी सांगितलेले हजार रुपये त्याला पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलताना आठवतात. मिठाईचा डबा आठवत नाही. अहिराणीत कोणी काउंटरवर “भाऊ, आठे घर शे का भाड्यानं?” विचारलं की त्याने आतून मोबाइल काढून तुमचा मजकूर पुढे पाठवायचा, एवढंच त्याच्याकडून हवं आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपांत समाजाचा ग्रुप, वर्गमित्रांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप सगळे चालतात, पण रोज टाकलं की लोक म्यूट करतात. एकदा मजकूर, आठवड्याने भाडं किंवा सोयीत काही बदल झाला तर पुन्हा एकदा. त्यात नवीन काहीतरी असलं पाहिजे.

पोर्टल, आणि पोर्टलवरचे ठग

जळगावसाठी ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस ही पहिली पसंती, मग नाइन्टीनाइन एकर्स आणि मॅजिकब्रिक्सवर मालक म्हणून फुकटातली जाहिरात. पैसे भरून जाहिरात वर आणायचा आग्रह करणारे फोन येतील. पुण्यात एकाच एरियात शेकडो फ्लॅट असतात, तिथे वर येण्याला अर्थ आहे. आपल्याकडे एखाद्या भागात मोजक्याच जाहिराती असताना बघणारा शेवटपर्यंत सगळ्या बघतोच. दोन आठवडे फुकटावरच काढा.

जाहिरात टाकताना ठिकाण नकाशावर नीट लावा, फक्त ‘जळगाव’ लिहिलं तर भुसावळ रोडपासून बांभोरीपर्यंतचे सगळे फोन करतात. पहिला फोटो हॉलचा ठेवा, बिल्डिंगचा नाही. दर आठवड्याला जाहिरात उघडून काही ना काही बदला, आणि जुनी झाली असेल तर काढून नव्याने टाका, म्हणजे ती खाली ढकलली जात नाही. नंबर शक्यतो दुसऱ्या सिमचा द्या, कारण पुढची दोन वर्षं त्यावर कर्जवाले आणि पॅकर्सवाले फोन करत राहतात. पोर्टलवरून आलेल्या फोनांपैकी बरेच दलालांचे असतात, ‘पार्टी तयार आहे’ म्हणत. त्यांना टाकून न बोलता नंबर सेव्ह करा, पुढे कामाला येतात.

आता सावधगिरी. पोर्टलवरून येणाऱ्या एका प्रकारच्या फोनची पद्धत ठरलेली आहे. समोरचा हिंदीत बोलतो, सैन्यात किंवा निमलष्करी दलात असल्याचं सांगतो, बदली भुसावळला किंवा जळगावला झाली म्हणतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो. भुसावळ-वरणगावला आयुध निर्माणी असल्याने आपल्याला ते पटतंही. तो घर न बघता, भाव न करता, लगेच डिपॉझिट पाठवायला तयार होतो. मग म्हणतो, आमच्या अकाउंट विभागाची पद्धत वेगळी आहे, आधी तुम्ही एक रुपया पाठवा, किंवा हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. न बघता घर पसंत करणारा आणि घासाघीस न करणारा माणूस खानदेशात तरी खरा नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

दलाल

मालकांमध्ये दोन टोकं दिसतात. एक, दलालाचं नावच काढायचं नाही. दुसरं, पहिल्या दिवशी भेटलेल्या सगळ्यांना फ्लॅट देऊन टाकायचा. माझ्या मते पहिला आठवडा बोर्ड आणि ओळखींवर काढावा आणि नंतर दोन-तीनच दलालांकडे जावं. त्यातला एक तुमच्या वस्तीतलाच हवा, एक बँका किंवा कंपन्यांची माणसं आणणारा. दहा दलालांना दिला की फ्लॅट स्वस्त झाल्यासारखा दिसतो, आणि कोणीही मनापासून दाखवत नाही.

दलाली गावागावात वेगळी, बहुधा अर्धा ते एक महिन्याचं भाडं, कधी दोन्ही बाजूंनी. ती आधीच ठरवून व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. आपल्या मालकाने असं ठेवलं: 25 मे च्या आत टोकन झालं तर पूर्ण महिन्याचं भाडं, नंतर झालं तर अर्ध्या महिन्याचं. दिवसाला 365 रुपयांच्या हिशोबाने, अर्ध्या महिन्याची जादा दलाली देऊन फ्लॅट पंधरा दिवस आधी गेला तर बरोबरीत सुटतं, त्याहून आधी गेला तर फायदाच. आणि दलाल पार्टीला तुमचा फ्लॅट आधी दाखवतो. डेडलाइन नसलेल्या दलालाकडे तुमचा फ्लॅट शेवटी दाखवायचा फ्लॅट होतो. त्याला दुसरा महागडा फ्लॅट खपवायचा असतो आणि तुमचा तुलनेसाठी वापरतो.

दलालांबरोबर खरा घोळ होतो तो एका पार्टीवर दोघांनी हक्क सांगण्याचा. नवरा एका दलालाबरोबर येऊन बघून जातो, बायको दुसऱ्याबरोबर येते, करार झाला की दोघंही दारात. यावर एक नियम पहिल्याच दिवशी सांगा: घर दाखवायच्या आधी पार्टीचं नाव आणि वेळ मेसेजवर यायला हवी. ज्याचा मेसेज आधी, दलाली त्याची. मेसेज नाही तर दलाली नाही. ही एक ओळ असली की भांडण तुमच्या दारात येत नाही. बोर्ड वाचून थेट फोन केलेल्या माणसाला दलालाने आणलेला म्हणून खपवायचा प्रयत्नही याने थांबतो.

वही, आणि ती कशी वाचायची

एका साध्या वहीत किंवा मोबाइलमध्ये प्रत्येक फोनची एक ओळ: तारीख, कुठून कळलं, बघायला आला का, न घेण्याचं कारण. ‘कुठून कळलं?’ हा प्रश्न पहिल्याच वाक्यात विचारा, नंतर राहून जातो.

फोनच येत नसतील तर दोष भाड्यात, फोटोत किंवा बोर्डात आहे. फोन येतात पण कोणी बघायला येत नाही, म्हणजे फोनवर असं काहीतरी कळतंय जे मजकुरात नव्हतं, किंवा किल्लीची आणि वेळेची अडचण आहे. लोक येतात, बघतात, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतात आणि गप्प होतात, तेव्हा दोष फ्लॅटमध्ये आहे. या तिसऱ्या अवस्थेत आणखी जाहिरात करून उपयोग नसतो. जितके जास्त लोक आणाल तितके परत जातील. बघून गेलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून विचारावं, “दादा, घ्यायचं नसेल तरी चालेल, पण काय खटकलं ते सांगा.” बहुतेक जण सांगतात.

आपल्या उदाहरणातली वही 16 मे ला अशी होती. बोर्डावरून सात फोन, चार जण बघून गेले. पोर्टलवरून बारा फोन, त्यात पाच दलाल, एक ठग, बघायला दोन. ओळखीतून तीन फोन, दोन जण बघून गेले. म्हणजे आठ जणांनी घर पाहिलं, टोकन शून्य. फोन भरपूर, बघणारेही पुरेसे, म्हणजे जाहिरात ठीक आहे, घरात काहीतरी अडतंय. आठपैकी पाच जणांनी काय खटकलं ते सांगितलं. जिना चढण्याची तक्रार फक्त एकाची. बाकी चौघांचं कारण एकच होतं. लिफ्ट नाही हे मजकुरात वाचूनच त्यांनी येण्याचं ठरवलं होतं, पण मोठ्या बेडरूमचं छत तापतं आणि ‘कूलरची सोय’ म्हणजे प्रत्यक्षात खिडकीच्या ग्रीलला बांधलेली जुनी फळी, हे त्यांनी आल्यावर पाहिलं.

मालकाचा पहिला विचार भाडं 10,000 वर आणायचा होता. धाकट्या भावाने आधी खर्च काढला. लोखंडी अँगलचं कूलर स्टँड फॅब्रिकेटरकडून बसवून आणि पॉइंट ओढून अडीच हजार. बेडरूमच्या वरच्या गच्चीला उन्हाचा मारा परतवणारा पांढरा लेप, मजुरीसह साडेचार हजार. एकूण सात हजार. महिन्याला हजार रुपये कमी केले असते तर वर्षाला बारा हजार गेले असते, आणि छत तापतच राहिलं असतं. गच्ची सोसायटीची असल्याने लेप देण्याआधी बाकीच्या सभासदांची संमती घेतली. तेही खुश, कारण गळतीला थोडा आळा बसतो. आणि ठरल्याप्रमाणे भाडं 10,500 केलं.

19 मे ला मजकूर नव्याने गेला: “नवीन कूलर स्टँड, गच्चीला उष्णतारोधक लेप, भाडे 10,500.” आधी बघून गेलेल्या आठही जणांना तो पाठवला. हे लोक करत नाहीत आणि इथेच सोपं गिऱ्हाईक सुटतं. त्यातल्या दोघांनी घर घेऊन टाकलं होतं, पण एक निवासी डॉक्टर जोडपं, मेडिकल स्टोअरवाल्याच्या ओळखीने आलेलं, 21 तारखेला पुन्हा आलं. या वेळी मुद्दाम दुपारी चारला. बेडरूममध्ये उभं राहून बाईंनी छताकडे हात वर करून बघितलं, मग कूलरचं स्टँड हलवून बघितलं, आणि टोकनचं बोलणं सुरू झालं.

टोकन ते करारनामा

‘नक्की घेतो’ या शब्दावर बोर्ड उतरवू नका. 2,000 ते 5,000 टोकन बँकेतून किंवा यूपीआयने घ्या आणि मेसेजवर लिहा: भाडं किती, ताबा कधी, करारनामा कोणत्या तारखेपर्यंत, नाही झाला तर टोकनचं काय. टोकन मिळेपर्यंत बाकीच्यांना घर दाखवत राहा. टोकन मिळाल्यावर मात्र हजार जास्त देणारा आला तरी त्याला नाही म्हणा. महाबळसारख्या वस्तीत ही गोष्ट दोन दिवसांत डेअरीपर्यंत पोचते आणि पुढच्या वेळी ओळखीचं कोणी गिऱ्हाईक पाठवत नाही.

करारनामा लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सलाही हे लागू आहे. ‘अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही’ असं स्टॅम्पवेंडरजवळ अजूनही ऐकू येतं, ते चूक आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेच्या 0.25 टक्के. आपल्या उदाहरणात 1,15,500 भाडं आणि सुमारे 1,830 व्याज, म्हणून शुल्क तीनशेच्या घरात. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000 रुपये, त्यावर ऑनलाइन करून देणाऱ्याची फी. दोन्ही बाजूंचे अंगठे आणि आधार लागतात, म्हणून पुण्यातल्या मालकाने सुट्टी बघून तारीख आधीच ठरवावी. किल्ली आधी आणि नोंदणी नंतर, असं करू नका. भाडेकरूची माहिती पोलिसांत देणं आणि जुन्या भाडेकरूचं शेवटचं लाइट बिल भरलेलं आहे का ते बघणं, ही कामं याच आठवड्यात.

हंगामाचं हे गणित भुसावळला थोडं बदलतं. तिथे मध्य रेल्वेचं विभागीय मुख्यालय आणि दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र असल्याने नोकरदार भाडेकरू बारा महिने येत-जात असतात आणि रेल्वेतल्या माणसांचे ग्रुप बोर्डापेक्षा जास्त कामाचे. शिरपूरला कॉलेजच्या प्रवेशांवर सगळं चालतं, तिथे मुलांना खोल्या देणाऱ्या खानावळीच तुमच्या दलाल. नंदुरबारला सरकारी कार्यालयांतल्या बदल्या सोडल्या तर पोर्टलवर फारसं काही हाती लागत नाही. कार्यालयांतल्या शिपाई-क्लार्कांच्या ओळखीवर भर द्या.

डॉक्टर जोडप्याला 3 जूनला ताबा मिळाला. मेडिकल स्टोअरवाल्याला हजार रुपये त्याच संध्याकाळी पोचले. त्यानंतर दोन्ही बोर्ड उतरवून गुंडाळून ठेवले, पोर्टलवरच्या सगळ्या जाहिराती ‘भाड्याने गेला’ अशी खूण करून बंद केल्या, आणि दलालांना व फोन करणाऱ्यांना एकेक मेसेज गेला. आठपैकी ज्यांना घर आवडलं होतं पण तारीख जमली नव्हती अशा दोघांचे नंबर वहीत वेगळे लिहिले, त्यांच्यापुढे ‘पुढचा एप्रिल’ अशी नोंद करून.